अवयवदान समजून घेताना – भाग ४ : मृत्यू ठरवणारे वेगळे, मूत्रपिंड वाटणारे वेगळे

समजा, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून निघालेल्या कामगाराला काटई-बदलापूर रस्त्यावर अपघात झाला. डोक्याला जबर मार, व्हेंटिलेटर चालू. दोन दिवसांनी डॉक्टर ‘ब्रेन डेड’ म्हणतात, पण घरच्यांना मॉनिटरवर हृदयाचे ठोके दिसतात. किडनीसाठीच तर घाई चालली नाही ना, ही शंका इथेच येते.

१९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने या शंकेची आधीच दखल घेतली आहे. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचे मंडळ ठरवते आणि प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्यात बसू शकत नाही. आधी गुंगीची औषधे, शरीर थंड पडणे, क्षारांचा बिघाड ही कारणे नाहीत, याची खात्री करतात. मग बाहुलीवर प्रकाश टाकणे, कानात थंड पाणी सोडणे, घशाला नळीने डिवचणे अशा चाचण्या होतात. शेवटी प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिमीपर्यंत चढला, तरी छाती हलली नाही, तर मेंदूचे श्वसनकेंद्र संपले आहे. किमान सहा तासांनी हे सगळे पुन्हा करावे लागते. मधल्या काळात मेंदूच्या खोडाची एकही प्रतिक्षिप्त क्रिया दिसली, तर घोषणा होत नाही.

यानंतर समन्वयक संमती विचारतो. खिशात दात्याचे कार्ड असले, तरी प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांच्या सहीशिवाय पुढे जात नाहीत. नकार दिला, तर तिथेच विषय संपतो. अपघाताची केस असल्याने पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाची सांगड घालावी लागते. संमतीनंतर अवयव जपण्याचा खर्च कुटुंबाकडून घेता येत नाही.

मूत्रपिंड कोणाला, हे मुंबईची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती, म्हणजे झेडटीसीसी, प्रतीक्षायादीवरून ठरवते. आधी रक्तगट, मग गुण. राष्ट्रीय संस्था ‘नोटो’च्या गुणपद्धतीत डायलिसिसच्या प्रत्येक महिन्याला एक गुण आहे. ४८ महिने डायलिसिसवर असलेल्याला ४८ गुण. दुसरा ४४ महिनेच डायलिसिसवर आहे, पण पूर्वी त्याने स्वतःचे मूत्रपिंड दान केले होते. त्याचे पाच गुण धरून ४९ होतात आणि तो पुढे जातो. तरीही मृत दात्याच्या पेशी आणि या रुग्णाचे रक्तद्रव जुळवून पाहतात. या क्रॉसमॅचमध्ये विरोधी प्रतिपिंडे आढळली, तर मूत्रपिंड पुढच्याकडे जाते. म्हणून एकाच वेळी अनेकांना बोलावतात आणि काहींना रिकाम्या हाताने परतावे लागते.

मंडळ सही करते, तेव्हा कोणाचा क्रमांक लागणार हे त्याच्या हातात नसते. घरच्यांनी आधी विचारायचा प्रश्न असा : दुसरी चाचणी किती वाजता झाली आणि त्या कागदावर कोणाच्या सह्या आहेत?

(पुढील भागात : जिवंत दात्याची तपासणी)