प्रोजेक्टरचा फिल्टर साफ करा, पण लॅम्पचे तास उगाच शून्यावर आणू नका

भाड्याने प्रोजेक्टर देण्याच्या व्यवसायावर मागे जो व्हिडिओ केला, त्यात मी एक वाक्य घाईघाईत बोलून गेलो होतो, "फिल्टर साफ ठेवा आणि लॅम्प अवर्स रिसेट करा." त्यानंतर दुकानात दोघं-तिघं येऊन विचारून गेले, "सर, रिसेट केलं की बल्बचं आयुष्य वाढतं ना?" नाही वाढत. चूक माझ्या बोलण्याची होती, म्हणून आज सविस्तर लिहितोय. फिल्टर साफ करणं आणि तास रिसेट करणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. पहिल्याने मशीनचं आयुष्य वाढतं. दुसरं फक्त नवीन बल्ब बसवल्यावरच करायचं असतं, नाहीतर ती स्वतःचीच फसवणूक होते. आणि ही फसवणूक मला पैसे मोजून शिकावी लागलीये.

2021 मध्ये मी दुकानासाठी एक सेकंडहँड प्रोजेक्टर घेतला. एपसनचा, ईबी मालिकेतला, साधा तीन एलसीडीवाला. 14,000 रुपयांना. विकणारा म्हणाला, "दादा, घरीच वापरला, जेमतेम 300 तास झालेत." मीही शहाण्यासारखं चालू करून मेनूत बघितलं. 310 तास. खूश झालो आणि पैसे देऊन टाकले.

पहिल्या दोन ऑर्डरमध्ये चित्र जरा पिवळट आणि मंद वाटलं, पण मी म्हणलं हॉलमध्ये उजेड जास्त असेल. तिसरी ऑर्डर होती बचत गटाच्या प्रशिक्षणाची, कराडजवळच्या एका गावात. मे महिना, पत्र्याचं सभागृह, पन्नासेक ताया समोर बसलेल्या. तासाभरात पंखा एवढा घोंघावायला लागला की बोलणाऱ्या मॅडमना आवाज चढवावा लागला. मग मशीनवरचा टेम्परेचरचा दिवा नारिंगी लुकलुकायला लागला. मी दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने आतून "टक्" असा आवाज आला आणि पडदा काळा. 1,500 रुपये भाडं परत केलं, आणि त्या संस्थेने पुढच्या दोन तारखा दुसऱ्याला दिल्या.

दुसऱ्या दिवशी, मशीन पूर्ण गार असताना उघडलं. बल्बची काच फुटलेली. लॅम्पच्या झाकणाचा स्क्रू घासून गुळगुळीत झालेला, म्हणजे तो आधी कधीतरी उघडला होता. फिल्टर तर काय सांगू, सतरंजीच्या मागच्या बाजूसारखा राखाडी थर! 310 तासांत एवढी धूळ साठत नाही. कुणीतरी जुनाच बल्ब ठेवून मेनूतून आकडा शून्य केला होता आणि मग मला विकला होता.

आता आत नेमकं काय होतं ते समजून घ्या. अशा प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याची वाफ असलेला उच्च दाबाचा बल्ब असतो. तो भयंकर तापतो, म्हणून पंखा बाहेरची हवा आत ओढून त्याच्यावरून आणि एलसीडी पॅनलवरून फिरवतो. ही हवा ज्या जाळीतून आत येते, ती म्हणजे एअर फिल्टर. जाळी भरली की हवा कमी येते, उष्णता आतच राहते, पंखा जोरात फिरतो, आणि बल्ब त्याच्या ठरलेल्या तापमानाच्या वर जळत राहतो. बल्ब तर लवकर जातोच, शिवाय आतले पॅनल आणि त्यांच्या पट्ट्या सतत तापून खराब झाल्या की चित्रावर पिवळे डाग येतात. नवीन बल्ब घालूनही ते डाग जात नाहीत.

आपल्याकडे धूळ कुठून येते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहिती आहे. ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात, आणि ती काळी राख वाऱ्याने पार हॉलपर्यंत येते. लग्नात अंतरपाटाच्या वेळी अक्षता, गुलाल, वर धुमाळी. गणपतीच्या मांडवात धूप. शाळेच्या वर्गात खडू. धूप आणि धुराचा थर चिकट असतो, त्यावर पुढची धूळ पक्की बसते.

साफ करायला पंधरा मिनिटं लागतात. मशीन बंद करा, पंखा थांबू द्या, मग वायर काढा. माझ्या मॉडेलला फिल्टरचं झाकण बाजूला आहे. खटका दाबला की उघडतं आणि आतली जाळी सरळ ओढून बाहेर येते. प्रोजेक्टर छताला टांगलेला असेल तर खाली प्लास्टिक धरा, नाहीतर सगळी राख तुमच्या डोळ्यांत. जाळी दुकानाबाहेर नेऊन, ज्या बाजूला धूळ दिसते त्या बाजूवर छोटा व्हॅक्यूम हळू फिरवा. व्हॅक्यूम नसेल तर रंगाचा मऊ, कोरा ब्रश चालतो. झाकणाच्या जाळीवरही फिरवा, आणि गरम हवा बाहेर जाते ती खिडकी पुसून घ्या.

तीन गोष्टी मात्र करू नका. पहिली, एपसनचा हा फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. साबण, स्पिरिट काहीच नाही. काही कंपन्यांचे फोमचे फिल्टर धुता येतात, पण ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तरच. दुसरी, कॉम्प्युटरवाले वापरतात तो हवेचा स्प्रे किंवा गॅरेजचा कॉम्प्रेसर मारायचा नाही. धूळ उलटी आत लेन्स-पॅनलवर जाऊन बसते, आणि स्प्रेचा गॅस तापलेल्या बल्बजवळ पेटू शकतो. तिसरी, "आज फिल्टर वाळतोय, बिनाफिल्टरचा चालवू" हे कधीच नाही. एका लग्नात पॅनलवर बसलेली धूळ काढायला सर्व्हिस सेंटरवाला जेवढे घेतो, त्यात दोन फिल्टर येतात.

साफ केल्यावर जाळी उजेडासमोर धरा. सगळीकडून सारखा उजेड येत असेल तर ठीक. कुठे काळपट राहिली असेल, फाटली असेल किंवा घड्या मोडल्या असतील तर नवीन घाला. मी लग्न, मांडव किंवा शाळेच्या प्रत्येक ऑर्डरनंतर साफ करतो, आणि बाकी वेळी महिन्यातून एकदा. (आमच्या दुकानातला पोरगा म्हणतो, "सर, दुकानाच्या पंख्यापेक्षा याचीच जास्त सेवा होते." खरं आहे.) काही मशीनला फिल्टर नसतोच, विशेषतः बऱ्याच डीएलपी मॉडेलना. तेव्हा आधी पुस्तिका बघा, नसलेलं झाकण उघडत बसू नका.

आता तासांकडे येऊ. हा आकडा फक्त एवढंच मोजतो: बल्ब किती वेळ जळला. बल्ब खरंच किती थकलाय हे त्या मोजणीला कळत नाही. स्कूटरचं ऑइल बदलल्यावर आपण खडूने किलोमीटर लिहून ठेवतो ना, तसंच हे आहे. ऑइल न बदलता आकडा पुसून नवीन लिहिला, तर इंजिनला काय फरक पडणार? बल्बची मर्यादा जवळ आली की मशीन सूचना देतं, एपसनमध्ये लॅम्पचा दिवा नारिंगी लुकलुकतो. ती सूचना त्रासदायक वाटते म्हणून लोक तास रिसेट करतात, आणि पुढचे काही हजार तास मशीन गप्प बसतं. थकलेला बल्ब तसाच जळत राहतो, आणि जुना बल्ब फुटण्याची शक्यता जास्त असते. माझ्या मशीनचं तेच झालं.

याच्या उलट चूकही मी पाहिलीये. एका क्लासवाल्यांनी नवीन बल्ब टाकला पण रिसेट करायचं विसरले. सूचना येतच राहिली, आणि "बल्ब डुप्लिकेट दिला" म्हणून ते दुकानदाराशी भांडायला निघाले होते.

नवीन बल्ब बसवताना क्रम असा ठेवा. मशीन बंद करून, वायर काढून किमान एक तास थांबा. लॅम्पच्या झाकणाचा स्क्रू सोडवा, मग बल्बच्या घराचे स्क्रू सोडवून धरायच्या कडीने सरळ बाहेर ओढा. नवीन बल्बच्या काचेला बोट लावू नका. झाकण पक्कं बसलं नाही तर मशीन चालूच होत नाही, त्यामुळे घाबरून दुसरा बल्ब आणायच्या आधी झाकण तपासा. बल्बसोबत मी फिल्टरही नवीनच घालतो. मग मशीन चालू करून आकडा शून्यावर आणा. माझ्या मशीनवर रस्ता असा आहे:

```
Menu > Reset > Reset Lamp Hours > Yes
```

तास बघायचे असतील तर `Info` मध्ये `Lamp Hours` दिसतं. पहिले दहा तास होईपर्यंत तिथे `0H` च दिसतं, तेव्हा मोजणी बिघडली असं समजू नका. दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर नावं थोडी वेगळी असतील.

बल्ब आधीच फुटला असेल तर खोलीच्या खिडक्या उघडा, लोकांना थोडा वेळ बाहेर पाठवा आणि वास घेत वाकून बघू नका, आत पारा असतो. मशीन छताला असेल तर झाकण उघडताना काच अंगावर पडू शकते, बाजूला उभे राहा. तुकडे झाडू किंवा व्हॅक्यूमने गोळा करू नका. हातमोजे घालून, पुठ्ठ्याने उचलून बंद डब्यात भरा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत नाही.

हिशोबाचंही बोलू, BBA केलंय तर तेवढं येतंच. मला बल्ब घरासकट 5,200 रुपयांना पडला. तो 4,000 तास चालला तर तासाला 1 रुपया 30 पैसे. काळजी न घेता 1,300 तासांत गेला तर तासाला 4 रुपये. चार तासांच्या कार्यक्रमाला 5 रुपयांऐवजी 16 रुपये, म्हणजे खरं सांगायचं तर फरक किरकोळ आहे. माझं नुकसान बल्बच्या 5,200 मध्ये नव्हतं. परत केलेले 1,500 आणि गेलेल्या दोन तारखांचे 3,000, हे खरं नुकसान. म्हणून टेम्परेचरचा दिवा लुकलुकला की आता मी लगेच आयोजकांना सांगतो, "दहा मिनिटं चहाची सुट्टी घ्या," खिडक्या उघडतो, मागचा पडदा बाजूला करतो, ब्राइटनेस इकोवर टाकतो. मशीन तापून आपोआप बंदच पडलं तर पाच मिनिटं हात लावायचा नाही, पंखा त्याला गार करत असतो. वायर उपटली तर ती उष्णता आतच कोंडते.

आज त्याच मशीनच्या दुसऱ्या बल्बवर 3,140 तास झालेत आणि चित्र अजून स्वच्छ आहे. वहीत मी चारच रकाने ठेवलेत: तारीख, ऑर्डर, `Lamp Hours` चा आकडा, फिल्टर साफ केला की नाही. बल्ब बदलल्याची ओळ लाल शाईत, सोबत बिल पिनेने लावलेलं. तुम्ही सेकंडहँड घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याकडे बल्बचं बिल मागा, लॅम्पच्या झाकणाचा स्क्रू बघा आणि आधी फिल्टर काढून दाखवायला सांगा. एकूण वापराचे तास वेगळे दाखवणारं मॉडेल असेल तर तेही बघा. पुढचा व्हिडिओ डिपॉझिट आणि भाडेकराराच्या कागदावर आहे, त्याचा नमुना तिथेच देईन.