पहिल्या ओळीचा साचा

एका पतसंस्थेच्या कार्यालयात दर महिन्याच्या अखेरीस हप्त्यांचा अहवाल निघतो, असं समजा. खिडकीवर भरलेल्या हप्त्यांची नोंद कारकून करतो आणि तो फक्त तारीख लिहितो. ऑनलाइन आलेल्या हप्त्यांना तारखेसोबत वेळही लागलेली असते. दोन्ही नोंदी एकाच रकान्यात येतात. एक छोटा प्रोग्राम त्या वाचतो, महिनावार बेरीज करतो आणि लेखापरीक्षकासाठी फाइल तयार करतो. एप्रिलच्या पाच नोंदी अशा आहेत:

```
05/04/2023         500
05/04/2023 18:42   1200
11/04/2023         800
19/04/2023 09:10   1500
27/04/2023         700
```

एकूण जमा ४,७०० रुपये. प्रोग्राम अनेक महिने हाच आकडा बरोबर काढत होता. मग कार्यालयात नवा संगणक आला, त्यावर सगळं पुन्हा बसवलं आणि एप्रिलची जमा २,००० रुपये निघाली. पडद्यावर लाल अक्षरात काही आलं नाही. प्रोग्रामच्या एकाही ओळीला कुणी हात लावलेला नव्हता. तरीही ऑनलाइन आलेले दोन्ही हप्ते, म्हणजे २,७०० रुपये, महिन्याच्या बेरजेतून गळले होते.

बदल झाला होता तो प्रोग्राम ज्याच्या आधारावर उभा आहे त्या लायब्ररीत. लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड. पायथन भाषेत तक्त्यांची कामं करणारे बहुतेक जण पांडाज नावाची लायब्ररी वापरतात. तिची २.० ही आवृत्ती ३ एप्रिल २०२३ रोजी आली आणि तिने तारखा वाचण्याची पद्धत बदलली.

त्याआधी पांडाज प्रत्येक तारखेकडे स्वतंत्रपणे पाहत असे. या ओळीत वेळ नाही, त्या ओळीत आहे, तरी दोन्ही नीट वाचल्या जात. ही उदारता सोयीची वाटे, पण तिच्यात धोका होता. कोणतीही सूचना दिली नसेल तर `12-01-2000` ही तारीख अमेरिकी पद्धतीने १ डिसेंबर म्हणून वाचली जाई. तिच्याच खालची `13-01-2000` मात्र १३ जानेवारी होई, कारण तेरावा महिना नसतो. एकाच रकान्यातल्या लागोपाठच्या दोन ओळी दोन वेगवेगळ्या नियमांनी वाचल्या जात. २.० मध्ये हा घोळ मुळातून काढला गेला. आता रकान्यातली पहिली भरलेली ओळ पाहून पांडाज तारखेचा साचा ठरवते आणि तोच साचा पुढच्या सगळ्या ओळींना लावते. एखादी ओळ त्यात बसली नाही, तर चूक दाखवून काम थांबवते.

हा बदल योग्यच होता. मग आपल्या प्रोग्रामचं काम थांबलं का नाही? कारण त्यात ही ओळ होती:

```python
d = pd.to_datetime(s, dayfirst=True, errors="coerce")
```

`dayfirst=True` म्हणजे आधी दिवस, मग महिना. `errors="coerce"` म्हणजे जे वाचता येणार नाही ते रिकामं सोड. कुणी तारखेच्या जागी ‘उद्या’ किंवा ‘बाकी’ लिहिलं, तर त्या एका नोंदीपायी सगळा अहवाल अडू नये, म्हणून ही सोय बहुतेक वेळा घातलेली असते. जुन्या आवृत्तीत ती फक्त खरोखरच्या कचऱ्याला लागू होई. नव्या आवृत्तीत मात्र पहिल्या ओळीने ‘दिवस/महिना/वर्ष’ असा साचा ठरवला, वेळ असलेल्या तारखा त्यात बसल्या नाहीत आणि चांगल्या नोंदीही कचरा समजून रिकाम्या केल्या गेल्या. महिनावार बेरीज करताना पांडाज रिकाम्या तारखेच्या ओळी मुळातच वगळते. फाइलमध्येही तिथे नुसती मोकळी जागा दिसते.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे निकाल पहिल्या ओळीवर अवलंबून राहतो. एखाद्या महिन्यात पहिली नोंद ऑनलाइन असेल, तर उलट खिडकीवरच्या नोंदी गळतील. चाचणीच्या फाइलमध्ये सगळ्या तारखा एकाच प्रकारच्या असतील, तर काहीच बिघडणार नाही. ही चूक पकडायची तर एकच प्रश्न विचारावा: मूळ रकान्यात मजकूर होता, पण वाचल्यावर रिकामा झाला, अशा ओळी किती?

```python
(d.isna() & s.notna()).sum()
```

आपल्या उदाहरणात उत्तर २ येतं. ते शून्य नसेल, तर फाइल बाहेर जाऊ देऊ नये. संगणक न जाणणाऱ्या हिशेबनिसालाही हीच चूक दुसऱ्या वाटेने सापडते: महिनावार बेरजा आणि सगळ्या रकमांची थेट बेरीज जुळत नाही.

आता नवी आवृत्ती आली कशी, ते पाहू. कोणत्या लायब्ऱ्या लागतात याची यादी `requirements.txt` या फाइलमध्ये असते. तिथे नुसतं `pandas` लिहिलं, तर नव्या संगणकावर त्या दिवशी उपलब्ध असलेली सर्वांत ताजी आवृत्ती बसते. `pandas==1.5.3` लिहिलं, तर तीच आवृत्ती बसते, आज बसवा की वर्षाने. याला आवृत्ती पिन करणं म्हणतात. पण एकटी पांडाज पिन करून भागत नाही, कारण ती स्वतः नमपाय नावाच्या दुसऱ्या लायब्ररीवर उभी आहे. जून २०२४ मध्ये नमपायची २.० आवृत्ती आली. ज्यांनी पांडाज १.५.३ बांधून ठेवली पण नमपाय मोकळी सोडली, त्यांच्या नव्या संगणकावर दोन्हींचा मेळ बसेना आणि प्रोग्राम सुरूच होईना. म्हणून चालू असलेल्या संगणकावर `pip freeze` ही आज्ञा देऊन सगळ्या लायब्ऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी घ्यावी आणि तीच जपून ठेवावी.

पिन कायमची ठेवता येत नाही. जुन्या आवृत्तीत पुढच्या दुरुस्त्या येत नाहीत, आणि पायथन बदललं की ती एक दिवस बसेनाशी होते. पिनमुळे एवढंच होतं की बदल कधी घ्यायचा ते आपण ठरवतो. तो घेण्याआधी आवृत्तीसोबत येणारी बदलांची नोंद वाचायची. आवृत्तीचा पहिला आकडा बदलला, १ चा २ झाला, की जुन्याशी फारकत घेणारे बदल असणार असं धरून चालावं. पांडाजच्या २.० च्या नोंदीत, जुन्याशी न जुळणाऱ्या बदलांच्या भागात, तारखांसाठी स्वतंत्र मथळा आहे. साचा आता पहिल्या भरलेल्या ओळीवरून ठरतो, हे तिथे उदाहरणासकट लिहिलेलं आहे. नोंद लांबलचक असते, पण ती सगळी वाचावी लागत नाही. आपल्या प्रोग्राममध्ये `to_datetime` आहे ना, मग तो शब्द नोंदीत शोधायचा आणि सापडेल तेवढा भाग नीट वाचायचा.

नोंद वाचली की दुरुस्तीही सुचते. साचा ओळखायचं काम लायब्ररीवर सोडायचं नाही, दोन्ही साचे आपणच सांगायचे:

```python
a = pd.to_datetime(s, format="%d/%m/%Y %H:%M", errors="coerce")
b = pd.to_datetime(s, format="%d/%m/%Y", errors="coerce")
d = a.fillna(b)
```

आधी वेळ असलेल्या तारखा वाचल्या जातात, मग नुसत्या तारखा, आणि पहिल्या खेपेच्या रिकाम्या जागा दुसरीने भरल्या जातात. त्यानंतरही जे रिकामं राहील, ते खरोखरच तपासण्याजोगं असतं. जुन्या आवृत्तीवर आणि नव्यावर, पहिली ओळ कोणतीही असली तरी, एप्रिलची जमा ४,७०० रुपयेच येते.