एका चुकीच्या भावामुळे खोटा ‘बाय’ सिग्नल: डेटा कंपनीला तक्रार कशी लिहायची?

रिलायन्सने 2024 मध्ये एका शेअरवर एक बोनस शेअर दिला. 28 ऑक्टोबरपासून बाजारात शेअरचा भाव निम्मा दिसू लागला. आदल्या शुक्रवारी, 25 ऑक्टोबरला तो सुमारे 2,655 रुपयांवर बंद झाला होता, तर सोमवारी सुमारे 1,334 रुपयांवर. गुंतवणूकदाराचं नुकसान झालं नाही, कारण त्याच्याकडचे शेअर दुप्पट झाले. पण आलेखात ही उडी खोटी घसरण वाटू नये म्हणून डेटा पुरवणाऱ्या कंपन्या जुने भाव 2 ने भागतात. यालाच ‘अ‍ॅडजस्टेड’ भाव म्हणतात.

चूक कुठे होते?

समजा, पुरवठादाराने हा भागाकार चुकून दोनदा केला. मग 25 ऑक्टोबरचा भाव 1,328 ऐवजी 664 दिसेल आणि सोमवारी शेअर एका दिवसात दुप्पट झाल्यासारखा वाटेल. ‘भाव 20 दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की खरेदी’ असा नियम असलेला प्रोग्रॅम लगेच खरेदीचा सिग्नल देईल. प्रत्यक्षात त्या महिन्यात शेअर घसरत होता आणि भाव सरासरीच्या खालीच होता.

चूक कशी ओळखायची?

एक्सचेंजच्या भावकॉपीत त्या दिवशीचा मूळ भाव मिळतो. त्याला पुरवठादाराच्या भावाने भागायचं. 25 ऑक्टोबरसाठी उत्तर 2 यायला हवं. इथे 4 येतं, म्हणजे भागाकार दोनदा झाला. उत्तर 2 पेक्षा किंचित जास्त आलं, तर पुरवठादाराने लाभांशही वजा केलेला असू शकतो. ती त्याची पद्धत असते, चूक नव्हे. म्हणून तक्रारीआधी त्याची नियमावली वाचावी.

ईमेलमध्ये काय असावं?

‘सिग्नल चुकले’ एवढंच लिहिलं तर पुरवठादार प्रोग्रॅमला दोष देऊ शकतो. त्यामुळे त्याला स्वतः पडताळता येईल असं लिहावं:

> विषय: RELIANCE, 28 ऑक्टोबर 2024 पूर्वीचे अ‍ॅडजस्टेड भाव चुकीचे
>
> नमस्कार,
> आज सकाळी 9 वाजता डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये 25 ऑक्टोबरचा बंद भाव 664 आहे. एक्सचेंजवरचा मूळ भाव सुमारे 2,655 होता. 1:1 बोनसनुसार अ‍ॅडजस्टेड भाव सुमारे 1,328 हवा. बोनसचं अ‍ॅडजस्टमेंट दोनदा झाल्याचं दिसतं. भावकॉपी आणि तुमची फाइल सोबत जोडली आहे.
> कृपया कळवावे: दुरुस्ती कधी होईल, चूक कोणत्या तारखेपासून फाइलमध्ये होती आणि आणखी कोणत्या शेअरमध्ये ती आहे?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. एक शेअर सापडला, पण तीच चूक बोनस दिलेल्या इतर कंपन्यांच्या डेटातही असू शकते.

दुरुस्तीनंतर

फक्त ती एक ओळ बदलून भागत नाही. बोनसपूर्वीचा सगळा इतिहास पुन्हा डाउनलोड करून चाचणी नव्याने चालवावी लागते, कारण आधीच्या निकालातला नफाही त्याच खोट्या उडीतून आलेला असू शकतो.