झुलत्या लयीचा हिशेब

जॅझची स्वरलिपी कागदावर पाहिली, तर एका मात्रेत दोन सारखे स्वर लिहिलेले दिसतात. वरच्या कोपऱ्यात ‘स्विंग’ एवढा एकच शब्द असतो. वादक मात्र ते दोन स्वर सारखे वाजवत नाहीत. पहिला लांबवतात, दुसरा आखडता घेतात. लय झुलू लागते ती या विषमतेमुळे. पण ही विषमता नेमकी किती?

पाठ्यपुस्तकी उत्तर सोपे आहे: दोनास एक. आपल्या भाषेत सांगायचे तर मात्रेचे तिस्र जातीप्रमाणे तीन सारखे भाग करायचे, पहिल्या स्वराला दोन भाग द्यायचे आणि दुसऱ्याला एक. मी संगीत रीतसर शिकलेलो नाही. जे कळले ते ध्वनिमुद्रणे ऐकून आणि संगणकावर त्यांच्या ध्वनिलहरींचा आलेख ताणून बघून. झांजेवरचा प्रत्येक आघात त्या आलेखात टोकदार उभ्या रेघेसारखा दिसतो, त्यामुळे दोन आघातांमधले अंतर मोजता येते. असे मोजू लागले की दोनास एक हे प्रमाण क्वचितच हाती लागते.

स्टॉकहोमच्या अँडर्स फ्रीबर्ग आणि आंद्रेआस सुंडस्ट्रॉम यांनी नामवंत ड्रमवादकांची मुद्रणे अशीच मोजली आणि निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की लय जसजशी चढते, तसतशी विषमता कमी होत जाते. संथ लयीत लांब स्वर आखूड स्वराच्या तिप्पट किंवा त्याहूनही मोठा असतो. अतिद्रुत लयीत दोन्ही जवळजवळ सारखे होतात. मध्य लयीपासून द्रुत लयीपर्यंत आखूड स्वराची लांबी मात्र फारशी बदलत नाही. ती एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या, म्हणजे 100 मिलिसेकंदांच्या, आसपास राहते.

याचा हिशेब मांडून पाहू. मिनिटाला 150 मात्रा असतील तर एक मात्रा 400 मिलिसेकंदांची. त्यातले 100 आखूड स्वराला गेले की लांब स्वराला 300 उरतात. प्रमाण तीनास एक. मिनिटाला 200 मात्रा झाल्या की मात्रा 300 मिलिसेकंदांची होते आणि प्रमाण येते दोनास एक. पाठ्यपुस्तक खरे ठरते ते या लयीच्या आसपास. 300 मात्रांच्या लयीत मात्रा 200 मिलिसेकंदांची, म्हणून दोन्ही स्वरांच्या वाट्याला शंभर-शंभर. आता लय सरळ झाली.

म्हणूनच संगणकाला ‘प्रत्येक लयीत दोनास एक’ असे सांगितले, की वादन बिघडते. 300 च्या लयीत आखूड स्वर 67 मिलिसेकंदांवर येतो आणि झुलण्याऐवजी अडखळल्यासारखा ऐकू येतो. द्रुत मुद्रण निम्म्या वेगाने ऐकून स्विंग शिकू पाहणाऱ्याचीही फसगत होते. वेग निम्मा केला तरी प्रमाण तेच राहते. वादकाने द्रुत लयीत जवळजवळ सरळ वाजवलेले असते, ते संथ करून ऐकले की नुसते सपाट वाटते.

दुसरी गोष्ट याहून चकवणारी आहे. सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटवर एकल वादन करणारा कलावंत ड्रमवादकाइतका विषम वाजवतच नाही; त्याचे स्वर सरळ लयीच्या बरेच जवळ असतात. मग दोघांचे जमते कसे? 200 च्या लयीचेच उदाहरण घेऊ. झांज शून्यावर, 200 वर आणि पुढच्या मात्रेला 300 वर वाजते. एकल वादक पहिला स्वर मुद्दाम उशिरा, समजा 40 वर, घेतो. दुसरा मात्र झांजेबरोबर 200 वर वाजवतो आणि पुढच्या मात्रेचा पुन्हा उशिरा, 340 वर. त्याची स्वतःची अंतरे झाली 160 आणि 140, म्हणजे जवळपास सारखी. मात्रेच्या आरंभी तो मागे रेंगाळतो आणि आखूड स्वरावर ड्रमवादकाला गाठतो. दोघांना बांधून ठेवणारी जागा मात्रेच्या आरंभी नसते. ती आखूड स्वरावर असते.

जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी 2022 मध्ये याची उलट बाजूने परीक्षा घेतली. पियानोच्या मुद्रणांत फक्त मात्रेच्या आरंभीचे स्वर सुमारे 30 मिलिसेकंदांनी मागे सरकवले आणि मधले स्वर जागेवर ठेवले. जॅझ वादकांनी ऐकून कौल दिला तो अशा बदललेल्या मुद्रणांच्या बाजूने. त्यांना तीच जास्त झुलणारी वाटली. सगळेच स्वर मागे ढकलले असते, तर वादक नुसता उशीर करतोय असे वाटले असते. इथे स्वर किती मागे गेले, याइतकेच कोणते गेले हेही महत्त्वाचे.

अर्थात एवढ्याने स्विंग पुरता उलगडत नाही. कोणत्या स्वरावर जोर द्यायचा, कोणता अर्धवट गिळायचा, हेही त्यात येते, आणि ते अंतरांच्या मोजणीत सापडत नाही. तरीही पुढच्या वेळी एखादे जॅझ मुद्रण ऐकताना कान आधी झांजेवर ठेवा आणि मग सॅक्सोफोनकडे न्या. मात्रेच्या आरंभी दोघांत किंचित फट पडते आणि आखूड स्वरावर ती मिटते. ही उघडमीट एकदा कानाला सापडली, की सरळ लय आणि झुलती लय यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.