ऑफलाइन सिनेमा : डाउनलोड करताना दर्जा कोणता निवडावा?

ओटीटी अ‍ॅपमधून सिनेमा किंवा मालिका डाउनलोड केली की ती फाइल फोनच्या गॅलरीत दिसत नाही. ती कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक स्वरूपात, अ‍ॅपच्या स्वतःच्या जागेत साठवली जाते आणि ते कुलूप उघडण्याची मुदतबंद परवानगी त्याच फोनमधल्या त्याच अ‍ॅपला मिळते. त्यामुळे ही फाइल दुसऱ्याला पाठवता येत नाही, पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावता येत नाही आणि अ‍ॅप काढून टाकले की तीही जाते. नेटफ्लिक्सने डाउनलोडची सोय नोव्हेंबर 2016 मध्ये सुरू केली. इतर अ‍ॅपमधली पद्धतही साधारण अशीच असल्याने पुढील माहिती अँड्रॉइड फोनवरच्या नेटफ्लिक्सच्या आधाराने दिली आहे.

सिनेमाच्या किंवा भागाच्या नावाजवळ खाली वळलेला बाण असेल, तर तो डाउनलोड होतो. बाण नसेल तर हक्कांच्या करारात ती मुभा नाही, असे समजावे. मात्र बाण दाबण्याआधी सेटिंग पाहून घेणे सोयीचे, कारण नंतर बदललेला दर्जा आधी उतरवलेल्या फाइलला लागू होत नाही. ती काढून पुन्हा डाउनलोड करावी लागते. अ‍ॅपच्या मेनूतील App Settings मध्ये Download Video Quality हा पर्याय असतो. त्यात Standard आणि High असे दोन दर्जे आहेत. प्राइम व्हिडिओसारख्या अ‍ॅपमध्ये पायऱ्या याहून जास्त असतात, पण निवडीचे सूत्र तेच राहते.

दर्जा वाढवला की फाइल मोठी होते. किती मोठी, हे बिटरेटवर, म्हणजे चित्राच्या एका सेकंदासाठी किती माहिती वापरली आहे यावर ठरते. सेकंदाला 1 मेगाबिट या दराने एका तासाचा व्हिडिओ सुमारे 450 एमबी होतो. दर अडीच मेगाबिट झाला की तोच तास 1.1 जीबीच्या थोडा वर जातो. बिटरेट सगळ्या सिनेमांना सारखा नसतो. सपाट रंगांच्या अ‍ॅनिमेशनपटात एका चित्रातून पुढच्या चित्रात फारसे बदलत नाही, त्यामुळे तो कमी माहितीत मावतो. पाऊस, गर्दी, धावपळ किंवा स्फोट असलेल्या चित्रपटात प्रत्येक क्षणी पडदाभर काहीतरी हलत असते, म्हणून त्याला जास्त माहिती लागते. प्रत्येक सिनेमाचा बिटरेट त्याच्या स्वरूपाप्रमाणे वेगळा ठरवण्याची पद्धत नेटफ्लिक्सने 2015 च्या अखेरीस जाहीर केली. सारख्याच लांबीचे दोन सिनेमे एकाच दर्जात वेगवेगळी जागा घेतात, त्यामागे हे कारण असते.

मुंबईहून कोकण रेल्वेने मडगावला निघालेल्या प्रवाशाचे उदाहरण घेऊ. या मार्गावर बोगदे पुष्कळ, त्यात रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकच बोगदा साडेसहा किलोमीटरचा. रेंजच्या भरवशावर सिनेमा पाहणे कठीणच. अडीच तासांचा एक सिनेमा आणि पाऊण तासाचे चार भाग, असा साडेपाच तासांचा ऐवज बरोबर घ्यायचा आहे आणि फोनमध्ये 6 जीबी जागा रिकामी आहे. सरासरी बिटरेट 1 मेगाबिट धरला तर सगळे मिळून अडीच जीबीत बसते. अडीच मेगाबिट धरला तर 6.2 जीबी लागतात, म्हणजे शेवटचा भाग अर्ध्यावर अडकणार. फोन पूर्ण भरला की कॅमेरा आणि इतर अ‍ॅपही अडू लागतात, म्हणून एक-दोन जीबी मोकळे ठेवावेच लागतात.

वेळेचा हिशोबही याच आकड्यांतून निघतो. 20 मेगाबिटच्या वाय-फायवर अडीच जीबी उतरायला सुमारे 17 मिनिटे लागतात, तर 6.2 जीबीला 41 मिनिटे. घरी वाय-फाय नसेल आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर लहान आकाराचे डाउनलोडसुद्धा एका दिवसात पुरे होत नाही. पॅक संपल्यावर अनेक योजनांत वेग 64 केबीपीएसवर येतो. त्या वेगाने 1 जीबी उतरायला जवळजवळ 35 तास लागतील. असे डाउनलोड दोन रात्रींत विभागून केलेले बरे. अ‍ॅपमधले Wi-Fi Only सुरू असेल तर मोबाइल डेटावर डाउनलोड थांबून राहते. बाण दाबूनही काहीच पुढे सरकत नसेल, तर पहिल्यांदा हे सेटिंग तपासावे.

सहा-साडेसहा इंची फोनवर, हातभर अंतरावरून पाहताना Standard बहुतेकांना पुरते. फरक दिसतो तो अंधाऱ्या प्रसंगांत, जिथे काळ्या भागात चौकोनी ठिपके उमटतात, आणि धावत्या दृश्यांत, जिथे कडा विरघळतात. दहा-अकरा इंची टॅबवर हे दोष ठळक होतात, त्यामुळे तिथे High साठी जागा खर्च करणे योग्य. मात्र काही फोनवर High निवडूनही चित्र साधेच राहते. अँड्रॉइड फोनमध्ये वाइडवाइन नावाची संरक्षण व्यवस्था असते. तिची पातळी L1 असेल तर एचडी चित्र मिळू शकते, L3 असेल तर साध्या दर्जावरच समाधान मानावे लागते. नेटफ्लिक्सच्या App Settings मधील Playback Specification मध्ये ही पातळी दिसते. L3 असलेल्या फोनवर High चा आग्रह धरून उपयोग नाही.

उतरवलेल्या फाइलला मुदत असते. ती सगळ्या सिनेमांना सारखी नसते. सात दिवसांहून कमी काळ उरला की नेटफ्लिक्स डाउनलोडच्या यादीत तो दाखवते. काही सिनेमे एकदा सुरू केल्यावर 48 तासांत संपवावे लागतात. मुदत संपलेली फाइल यादीत दिसते, पण चालत नाही. तिचे नूतनीकरण इंटरनेट असतानाच होते. त्यातही काही सिनेमांना अशा फेऱ्या मोजक्याच मिळतात.

भाषेची निवडही आधीच करावी. अ‍ॅपमध्ये एखादा सिनेमा चार-पाच भाषांत असला, तरी डाउनलोडमध्ये त्या सगळ्याच उतरतील असे नाही. हिंदी आवाज किंवा इंग्रजी सबटायटल हवे असतील, तर त्या भाषा निवडून मग डाउनलोड करावे.

निघण्याच्या आदल्या रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाकून, वाय-फायही बंद असल्याची खात्री करून, एक भाग मिनिटभर चालवून पाहावा. चित्र, आवाज आणि सबटायटल तिन्ही आले, म्हणजे काम झाले. परतीच्या प्रवासासाठी ठेवलेला सिनेमा मात्र या चाचणीत उघडू नये. 48 तासांची अट असेल तर त्याचे घड्याळ तेव्हापासूनच सुरू होते. तसेच प्रवासापूर्वी अ‍ॅपमधून साइन आउट करू नये. पुन्हा आत शिरायला इंटरनेट लागते, आणि ते नसेल तर डाउनलोड उघडताच येत नाही.