बोर्डावरचं कार्ड कोणी सरकवायचं?

स्क्रम पद्धतीनं काम करणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअर टीमचं चालू काम बोर्डावर दिसतं. प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं आणि काम पुढे गेलं की कार्ड 'टू डू'मधून 'इन प्रोग्रेस'मध्ये आणि शेवटी 'डन'मध्ये जातं. हे कार्ड सरकवणं कोणाचं काम, असं विचारलं तर बरेच जण स्क्रम मास्टरकडे बोट दाखवतात. गोंधळाची सुरुवात इथेच होते.

समजा, वीजबिल भरण्याचं ॲप आहे आणि कार्डावर लिहिलंय, 'पेमेंट अडकलं तर ग्राहकाला मेसेज जावा.' कार्ड पाच दिवस 'इन प्रोग्रेस'मध्येच आहे. प्रत्यक्षात कोड दुसऱ्याच दिवशी लिहून झाला, पण बँकेच्या चाचणी सर्व्हरची परवानगी न मिळाल्यामुळे काम थांबलंय. म्हणजे बोर्ड चुकीचं सांगतोय. ते दुरुस्त करायचं डेव्हलपरनी, कारण स्प्रिंट बॅकलॉग त्यांचा असतो. अशा वेळी स्क्रम मास्टर संध्याकाळी एकेकाला विचारून स्वतःच कार्डं सरकवत बसली, तर बोर्ड नीटनेटका दिसेल, परवानगी मात्र अडकलेलीच राहील. कार्ड का हललं नाही हे टीमला उघडपणे बोलायला लावणं आणि ती परवानगी मिळेपर्यंत पाठपुरावा होईल हे पाहणं, हे तिचं खरं काम.

याच कार्डात दुसरी उणीव आहे. मेसेज लगेच पाठवायचा, की बँकेच्या उत्तराची वाट पाहून? त्याचा उल्लेखच नाही. ही जबाबदारी प्रॉडक्ट ओनरची. कार्डांचा क्रम लावणं आणि त्यांचा अर्थ सगळ्यांना कळेल असं पाहणं त्याच्याकडे असतं. लिहिण्याचं काम तो दुसऱ्याला देऊ शकतो, पण उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

सर्वात महागात पडणारा गोंधळ 'डन'चा. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर मेसेज आलेला पाहून प्रॉडक्ट ओनर खूश होतो आणि कार्ड शेवटच्या रकान्यात टाकतो. पण काम पूर्ण कधी म्हणायचं याच्या अटी, म्हणजे 'डेफिनिशन ऑफ डन', टीमला आधीपासून माहीत असतात. त्यात चाचणी असेल आणि ती झाली नसेल, तर प्रॉडक्ट ओनरला आवडलं म्हणून काम पूर्ण होत नाही. केन श्वाबर आणि जेफ सदरलंड यांच्या 2020च्या स्क्रम गाइडनुसार असं काम स्प्रिंट रिव्ह्यूमध्येही दाखवायचं नसतं; ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये परत जातं. अशा वेळी प्रॉडक्ट ओनरला स्पष्टपणे थांबवण्याचं धैर्य स्क्रम मास्टरकडे हवं. उलट, सगळ्या अटी पूर्ण होऊनही कार्ड केवळ प्रॉडक्ट ओनरच्या होकारासाठी ताटकळत ठेवणाऱ्या टीमही आहेत. असा होकार गाइडनं मागितलेला नाही.

आपल्या टीममध्ये काय चाललंय हे ओळखायचं असेल, तर स्क्रम मास्टर दोन दिवस रजेवर असताना बोर्ड पाहा. काम सुरू आहे आणि कार्डं मात्र जागची हललेली नाहीत, असं दिसलं तर बोर्ड टीमचा नाही, तिच्या एकटीचा झालाय.