खप वाढला, पण कशामुळे?

समजा, ऑनलाइन दुकानात अर्धा किलो कांदा-लसूण मसाल्याची किंमत ३०० रुपयांवरून २७० केली. आधीच्या दोन आठवड्यांत १०० पाकिटं गेली होती, नंतरच्या दोन आठवड्यांत १५० गेली. ही सगळी वाढ स्वस्ताईची नव्हे.

हंगाम : किंमत न बदललेला गोडा मसाला याच काळात ८० वरून १०० पाकिटांवर गेला, म्हणजे बाजारच सव्वापट झाला. त्या हिशेबाने जुन्या किमतीतही सुमारे १२५ पाकिटं खपली असती. किमतीचा परिणाम उरला २५ पाकिटांचा. तुलनेला त्याच मसाल्याचं एक किलोचं पाकीट मात्र घेऊ नका; त्याचं गिऱ्हाईक स्वस्त झालेल्या अर्ध्या किलोकडे वळतं आणि फरक फुगतो.

जाहिरात : चाचणीभर रोजचं बजेट आणि बोली तीच ठेवा. जाहिरातीवरचे क्लिक दोन्ही काळांत साधारण सारखे आहेत ना, हे तपासा.

साठा : दोन्हीपैकी कुठलाही मसाला संपलेला दिवस हिशेबातून काढा आणि दुसऱ्या काळातला तोच वारही वगळा. रविवारची तुलना रविवारशीच हवी.

नफा : खर्च व कमिशन जाऊन पाकिटामागे आधी ८० रुपये उरत होते, आता ५२. जुन्या किमतीत १२५ पाकिटांचे १०,००० मिळाले असते. १५० पाकिटांचे ७,८०० मिळाले. किंमत परत ३०० करावी.